ट्रेझरी बिलाचा ‘व्याजदर’ म्हणावे का?

प्रश्न : ‘कॉल मनीचा व्याजदर वाढला’ असे लिहितात, मग ‘ट्रेझरी बिलाचा व्याजदर’ लिहिले तर चुकते का? ‘बट्टा’ आणि ‘परतावा’ एकच का?

हो, चुकते. कॉल मनी म्हणजे बँकांनी एकमेकींना तारणाशिवाय एका रात्रीपुरते दिलेले कर्ज. त्यावर व्याज आकारले जाते, म्हणून तिथे ‘व्याजदर’ चपखल बसतो. ट्रेझरी बिल म्हणजे सरकारचा अल्पमुदतीचा कर्जरोखा, त्यावर व्याज मिळतच नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीला विकले जाते आणि मुदत संपल्यावर सरकार पूर्ण दर्शनी किंमत देते. कमर्शियल पेपर म्हणजे कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे, तेही सहसा असेच विकतात.

समजा, दर्शनी किंमत 100, मुदत 91 दिवस आणि विक्री 98.53 ला झाली. मधले 1.47 म्हणजे बट्टा. तो 100 च्या प्रमाणात धरून वर्षाचा दर काढला तर 5.9 टक्के येतो. पण घेणाऱ्याने गुंतवले 98.53, त्यांच्या प्रमाणात काढला तर सुमारे 6 टक्के. हा परतावा. दोन्ही आकडे एकाच बिलाचे आहेत, म्हणून बातमीत कोणता दिला ते सांगायलाच हवे. बट्ट्याला ‘सवलत’ म्हणणे मला अजिबात पटत नाही. इथे कोणी कोणाला सूट देत नाही.

‘बिलाचा परतावा वाढला’ याचा अर्थ बिल स्वस्त झाले. परतावा साडेसहा टक्के व्हायचा तर हेच बिल सुमारे 98.41 ला विकले जाईल. मध्यवर्ती बँकेने धोरण दर वाढवला की हे कसे घडते? आधी कॉल मनी महागतो, कारण बँकांना रात्रीपुरते पैसे त्या दराच्या आसपासच मिळतात. शिल्लक पैसे असलेल्या बँकेपुढे मग दोन वाटा असतात : रोज रात्री कॉलमध्ये पैसे देत राहायचे, किंवा 91 दिवसांचे बिल घ्यायचे. कॉलमध्ये जास्त मिळत असेल तर जुन्या किमतीला बिल कोण घेईल? मात्र ही तुलना पुढच्या 91 रात्रींच्या अंदाजाशी असते. दरवाढ अपेक्षितच असेल, तर परतावा निर्णयाआधीच चढलेला असतो आणि निर्णयाच्या दिवशी हलत नाही. त्यावर ‘दरवाढीचा परिणाम झाला नाही’ असे लिहिणे चूक.

कमर्शियल पेपरचा परतावा बिलाच्या वर असतो, कारण कंपनी बुडू शकते. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर तिचे पेपर बाळगणारा अमेरिकेतला रिझर्व्ह प्रायमरी फंडही अडचणीत आला. घाबरलेला पैसा ट्रेझरी बिलांकडे धावला. बिलांचा परतावा शून्याजवळ घसरला, पेपरचा मात्र चढला. अशा वेळी ‘अल्पमुदतीचे दर उतरले’ असे मोघम लिहू नये. कोणाचा दर ते लिहावे, आणि दोन्हींतले अंतरही द्यावे. धोरण दरातली कपात कंपन्यांपर्यंत पोहोचते आहे का, ते त्या अंतरावरून कळते.