४.३ ची एक ओळ नाही, सहा ओळी होतात

अगं,

तुझी ट्रॅकरची शीट काल संध्याकाळी रबाळ्याहून परत येताना लोकलमध्ये उघडली, ठाणे येईपर्यंत पूर्ण वाचून झाली. मेहनत दिसतेय. ऑडिट रिपोर्टमधली १९ ऑब्झर्वेशन्स, १९ ओळी, एकही सुटलेलं नाही. पण अशा शीटने तीन महिन्यांनी फॉलोअप करायला गेलीस की अडकशील, आणि कुठे अडकशील ते मी एकाच ऑब्झर्वेशनवर सांगते, म्हणजे बाकीची तुझी तुला जमतील. ४.३ घे, व्हेंडर मास्टरवालं.

रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते आधी नीट वाच. व्हेंडरच्या बँक डिटेल्समध्ये झालेले ६० बदल तपासले, त्यातल्या ११ मध्ये ना कॅन्सल्ड चेक होता ना कोणी व्हेंडरला फोन करून खात्री केल्याची नोंद. ३ बदल असे की ज्याने एंट्री केली त्यानेच अप्रूव्ह केलं. आणि नोकरी सोडून गेलेल्या ७ जणांचे युजर आयडी अजून चालू. रेटिंग हाय. मॅनेजमेंटचं उत्तर, 'नोटेड, प्रोसेस मजबूत करू'. जबाबदारी, 'अकाउंट्स/आयटी'. टाइमलाइन, 'क्यू३'.

हे सगळं तू जसंच्या तसं एका ओळीत टाकलंस. आता डिसेंबरमध्ये फोन केलास आणि अकाउंट्सवाले म्हणाले की आयडी बंद केले, फॉर्म आला, ईआरपीचं मात्र राहिलंय, तर स्टेटसमध्ये काय लिहिशील? पार्शली डन? पार्शली डन ही ओळ दोन-दोन वर्षं तशीच फिरत राहते, कारण नेमकं काय राहिलंय ते ओळीत कुठेच नसतं.

मी ओळ कधी तोडते ते सांगते. दुरुस्त करायची गोष्ट वेगळी असेल, किंवा करणारा माणूस वेगळा असेल, किंवा एक गोष्ट दुसरीच्या आधी पूर्ण होऊ शकत असेल, तर ओळ वेगळी. शिवाय प्रत्येक ठिकाणी हे बघायचं की आधी जे होऊन गेलंय ते निस्तरायचंय का पुढे होऊ नये म्हणून काही बदलायचंय, हे दोन्ही कधीच एका ओळीत नाही, कारण लोक पुढचा फॉर्म बनवतात आणि मागचं तसंच राहतं. इथे मागचं म्हणजे ते ११ व्हेंडर. त्यातला एखादा बदल खोट्या लेटरवरून झाला असेल तर आपले पैसे आजही दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जातायत.

तर ४.३ चं असं होतं. पहिली ओळ, त्या ११ व्हेंडरना फोन करून खातं तपासणं, आणि फोन जुन्या रेकॉर्डवरच्या नंबरला, बदलाच्या लेटरवर छापलेल्या नंबरला नाही, कारण लेटर खोटं असेल तर नंबरही त्याच माणसाचा असणार. हे ओळीतच लिही, नाहीतर कोणीतरी लेटरवरचा नंबर फिरवून 'व्हेरिफाइड' लिहून मोकळा होईल. दुसरी, इथून पुढे प्रत्येक बदलाला कॅन्सल्ड चेक आणि फोनच्या नोंदीचा फॉर्म. तिसरी, ईआरपीमध्ये मेकर-चेकर, म्हणजे एकच युजर एंट्री आणि अप्रूव्हल दोन्ही करूच शकणार नाही अशी सेटिंग. चौथी, ते ७ आयडी बंद. पाचवी, माणूस सोडून गेला की आयडी वेळेत बंद होईल अशी पद्धत.

सहावी रिपोर्टमध्ये नाहीये, ती आपण मागायची. ईआरपीच्या सेटिंगला चेंज रिक्वेस्ट लागते, टेस्टिंग लागतं, त्यांनी ३१ डिसेंबर दिलीय आणि ती तारीख मला खोटी वाटत नाही. पण मग हाय रेटिंगची गोष्ट चार महिने उघडी ठेवायची का? म्हणून तोपर्यंत दर सोमवारी आठवड्यातल्या सगळ्या बँक बदलांची लिस्ट सिस्टिममधून काढायची आणि फायनान्स कंट्रोलरने बघून सही करायची, ८ सप्टेंबरपासून. दूरची तारीख दिसली की मधल्या काळात काय, हे विचारायचंच.

नंबर देताना ४.३-१, ४.३-२ असे दे, आणि शीट दोन ठेव. एकात फक्त फाइंडिंग्ज, १९ च. दुसऱ्यात ॲक्शन्स, त्या ४० होवोत नाहीतर ५०. ऑडिट कमिटीला 'हाय किती उघडी' सांगताना पहिल्या शीटवरून मोजायचं, नाहीतर ४.३ एकटंच सहा हाय दाखवेल आणि प्लांट हेड योग्यच चिडतील. सगळ्या ॲक्शन्स क्लोज झाल्याशिवाय पहिल्या शीटवरचं ४.३ क्लोज होत नाही.

रेटिंगला हात लावायचा नाही. रिपोर्टमधलं उचलून टाकायचं, बस. सहापैकी चार झाल्यावर कोणीतरी म्हणेलच की आता मीडियम कर, तर रेटिंग हे सापडलं त्या वेळच्या परिस्थितीचं आहे हे सांग. आज किती धोका उरलाय ते दाखवायचं असेल तर शेजारी वेगळा कॉलम कर आणि तो ऑडिटने भरायचा, ज्याचं काम राहिलंय त्याने नाही.

आता ओनर. 'अकाउंट्स/आयटी' हा ओनर नाही, मधली ती तिरकी रेघ दिसली की समज की मीटिंगमध्ये कोणीच हो म्हटलेलं नाही. पाचव्या ओळीवर बघ काय झालं, मी परवा स्वतः फोन केले. आयटीवाले म्हणाले आम्ही एचआरचा मेल आला की त्याच दिवशी आयडी बंद करतो, मेल दाखवले, खरंच त्याच दिवशीचे होते. मग एचआरला विचारलं, ते म्हणाले मेल फुल अँड फायनल सेटलमेंट झाली की जातो. आणि त्यांच्याकडे सेटलमेंट व्हायला माणूस गेल्यावर महिना-दीड महिना सहज लागतो. म्हणजे दोष आयटीच्या सिस्टिममध्ये नव्हताच, मेल चुकीच्या दिवशी निघत होता. ओनर एचआर मॅनेजर, आणि ॲक्शन म्हणजे मेल शेवटच्या कामाच्या दिवशी जायला हवा. 'आयटी' असंच ठेवलं असतं तर त्यांनी ७ आयडी बंद करून काम झालं म्हटलं असतं आणि पुढच्या ऑडिटला नवे सात सापडले असते.

तिसऱ्या ओळीचा ओनरसुद्धा ईआरपी ॲडमिन नाही. सेटिंग तोच करणार, पण कोणाला कुठला रोल द्यायचा हे फायनान्स कंट्रोलर ठरवणार, म्हणून नाव कंट्रोलरचं, ॲडमिनचं नाव शेजारच्या 'मदत' कॉलममध्ये. काम झालं नाही तर कमिटीसमोर उत्तर कोण देणार, त्याचं नाव, एकाच माणसाचं, आणि सोबत त्याचं पद, कारण माणसं बदली होऊन जातात आणि ओळ बेवारस होते. शीट पाठवण्याआधी प्रत्येक ओनरकडून मेलवर एक ओळीचं 'मान्य' घे.

तारखांवर मी जरा जास्त बोलणार आहे. क्यू३ म्हणजे काय? फायनान्सच्या डोक्यात ३१ डिसेंबर, पण ईआरपी व्हेंडरचं कॅलेंडर वर्ष असेल तर त्याच्या डोक्यात ३० सप्टेंबर. 'ऑनगोइंग', 'लवकरात लवकर' ह्या तर तारखाच नाहीत. प्रत्येक ओळीला एक दिवस हवा. आणि तो दिवस शक्य आहे का बघ, दुसऱ्या ओळीसाठी अकाउंट्सने ३० सप्टेंबर म्हटलं होतं, म्हणजे नेमकी अर्धवार्षिक क्लोजिंग, त्या आठवड्यात ते जेवायलाही उठत नाहीत, मी १० ऑक्टोबर करून घेतली.

तारखेचे कॉलम तीन, मूळ, सुधारित, आणि प्रत्यक्ष क्लोज झाल्याची. मूळ तारीख लॉक करून टाक. मी पहिल्या नोकरीत, नाव नको, ओनरने मुदत मागितली की त्याच सेलमध्ये नवी तारीख टाइप करायचे. तीन तिमाह्या आमच्या शीटवर ओव्हरड्यू शून्य होतं. मग कमिटीतल्या एका सदस्याने जुने पेपर काढले आणि विचारलं की हीच गोष्ट मार्चमध्ये जूनला होणार होती, आता डिसेंबरला कशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जुनी तारीख मीच पुसली होती. तेव्हापासून उशीर मूळ तारखेपासूनच मोजते, आणि सुधारित तारखेशेजारी कोणी मान्य केली आणि का, हे लिहिते.

अजून एक, हे तुझ्या शीटमध्ये आत्ता आहे. तुझ्या लॅपटॉपवर अमेरिकन तारखा आहेत. तू ०५/०९ टाइप केलंस ते एक्सेलने ९ मे धरलं. आणि १५/०९ चा पंधरावा महिना नसतो म्हणून ते टेक्स्ट म्हणून पडून राहिलं. एक्सेल टेक्स्टला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं, म्हणून 'ही तारीख आजच्या आधीची आहे का' असं विचारलं की उत्तर कायम नाही येतं. म्हणजे ११ व्हेंडरच्या नव्या ओळीला अशीच तारीख टाकली असतीस, तर इतकी तातडीची ओळ कधीच ओव्हरड्यू दिसली नसती. तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसली तर बहुतेक टेक्स्टच असते. आधी सेटिंग बदल, तारखा परत टाइप कर, आणि उशिराच्या कॉलममध्ये हे टाक, H मध्ये मूळ तारीख आणि K मध्ये स्टेटस आहे असं धरून:

```
=IF(K2="Closed","",IF(ISNUMBER(H2),MAX(0,TODAY()-H2),"तारीख तपासा"))
```

९ मे झालेल्या तारखा मात्र हा फॉर्म्युला पकडणार नाही, त्या एक्सेलच्या दृष्टीने बरोबरच आहेत. तो कॉलम dd-mmm-yyyy मध्ये दाखव, महिना अक्षरात आला की डोळ्याला लगेच खटकतं.

शेवटचं, स्टेटस. ओनर 'इम्प्लिमेंटेड' लिहू शकतो, 'क्लोज्ड' फक्त आपण, तपासल्यावर. आणि तपासणं म्हणजे सही केलेली नवी एसओपी बघणं नाही. दुसऱ्या ओळीसाठी फॉर्म सुरू झाल्यानंतरचे बदल सिस्टिममधून स्वतः काढ, त्यांनी निवडून दिलेले नकोत, आणि प्रत्येकाचा कॅन्सल्ड चेक आणि फोनची नोंद बघ. पहिल्या महिन्यात पाचच बदल झाले असतील तर थांब, अजून एक महिना जाऊ दे. मेकर-चेकरला टेस्ट युजरने स्वतःचीच एंट्री अप्रूव्ह करायला लाव, सिस्टिमने अडवलं त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. पुरावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याची लिंक ओळीतच असू दे. आणि एखादा ओनर म्हणाला की हे आम्ही करणार नाही, धोका मान्य आहे, तर ते क्लोज्ड नाही, त्याचं स्टेटस वेगळं, 'रिस्क ॲक्सेप्टेड', आणि हाय असेल तर सही ओनरची नाही, सीएफओची, आणि कमिटीला कळवायचं.

उद्या सकाळी आधी चौथी ओळ कर, ते ७ आयडी आजही चालू आहेत, त्यासाठी शीट पूर्ण व्हायची वाट बघू नकोस, आयटीला मेल टाक आणि मला सीसी ठेव. बाकीची १८ गुरुवारपर्यंत अशीच तोडून आण, ५.१ स्टॉकवालं जरा अवघड आहे, ते आपण महाप्याला बसून एकत्र करू.

— ताई