एकच बचत खातं, त्यात घरही आणि दुकानही

प्रश्न: माझं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. घरचे आणि दुकानाचे सगळे व्यवहार एकाच सेव्हिंग खात्यातून होतात. रिटर्न भरताना ते वेगळे कसे काढायचे?

माझंही कटलरी-स्टेशनरीचंच दुकान आहे, आणि चार वर्षं मी असंच एका खात्यावर काढली. पहिल्या वर्षी मी वहीभर खर्च लिहिले आणि जमेकडे बघितलंच नाही. सगळं उलटं केलं होतं.

तुम्ही ४४एडीखाली, म्हणजे अंदाजित नफ्यावर, रिटर्न भरत असाल तर खर्चाचा तपशील तिथे मागतच नाहीत. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात. खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. त्यामुळे खरी मेहनत जमेच्या बाजूला आहे: खात्यात आलेला कुठला रुपया विक्रीचा आणि कुठला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घेतो. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक हे रकाने बँकेचेच असतात. सहावा रकाना मी जोडतो, त्यात एकच शब्द लिहायचा: विक्री, गल्ला, खरेदी, घर, उसने, स्वतःचे. महिन्याच्या आत केलं तर आठवतं. मार्चमध्ये बसलात तर जूनमधले ३,५०० रुपये कोणाचे, हे देवालाही सांगता येणार नाही.

एक सोय आधीच करून ठेवा. दुकानातला क्यूआर व्यापारी म्हणून नोंदवा आणि नातेवाइकांना तुमचा साधा यूपीआय आयडी द्या. माझ्याकडे दुकानाच्या क्यूआरचे पैसे दिवसाअखेर एकरकमी येतात, त्यामुळे तपशील बघताच विक्री ओळखू येते. बेरजेचं सूत्र एवढंच (जमा रकाना D, शब्दांचा F):

```
=SUMIFS(D:D,F:F,"विक्री")
```

उत्तर शून्य आलं तर घाबरू नका. स्टेटमेंटमधले आकडे बहुतेक वेळा मजकूर म्हणून उतरलेले असतात. स्वल्पविराम काढून त्यांना आकडे करा. शेवटी सगळ्या गटांच्या जमेची बेरीज स्टेटमेंटमधल्या एकूण जमेशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. फरक आला तर एखाद्या ओळीला शब्द लिहायचा राहिलाय.

आता एका वर्षाचा हिशोब, समजायला गोल आकड्यांत. खात्यात एकूण जमा १४,२०,०००. त्यात मुलाने घरखर्चाला पाठवलेले ६०,०००, भिशीचे ५०,०००, मेहुण्याकडून उसने ४०,०००, मोडलेल्या एफडीची मुद्दल १,००,००० आणि गल्ल्यातून बँकेत भरलेली रोकड १,३०,०००. हे वजा केल्यावर यूपीआयची विक्री उरते १०,४०,०००. गल्ल्याच्या डायरीत वर्षाची रोख विक्री ३,००,०००. म्हणजे उलाढाल १३,४०,०००, आणि किमान नफा ६२,४०० अधिक २४,०००, असा ८६,४००.

घोळ होतो तो त्या १,३०,००० चा. ती रोकड डायरीतल्या ३ लाखांतच मोजलेली आहे. बँकेतली जमा म्हणून परत धरली की तीच विक्री दोनदा दिसते. म्हणून ‘गल्ला’ हा शब्द वेगळाच हवा. डायरी नसेल तर मात्र हे सांगता येत नाही, तेव्हा रोज रात्री गल्ला मोजून एक ओळ लिहाच. एफडीची मुद्दल उत्पन्न नाही, पण तिचं व्याज आहे. बचत खात्याचं व्याजही तसंच. ही दोन्ही व्याजं ‘इतर उत्पन्नात’ दाखवायची, दुकानात नाही.

उसने आणि मुलाचे पैसे यांचा पुरावा ठेवा, निदान व्हॉट्सअॅपवरचा निरोप तरी. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा घरचे आणि उसने पैसेही विक्रीत धरले गेल्याची तक्रार अनेकांनी केली होती. शिवाय बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोकड भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते.

खरेदीचे गट मी ठेवतो, पण स्वतःसाठी. घाऊक बाजारात एकाच पेमेंटमध्ये घरचंही सामान आलं असेल तर ओळ दोन करतो, बिलावर पेनने खूण करून.

बहुतेक बँकांना बचत खात्यावर धंदा चाललेला आवडत नाही. त्यांनी हटकलं तर करंट खातं उघडावंच लागेल, मीही शेवटी उघडलं.

आणि ३१ मार्चला रात्री दुकान बंद करताना शिल्लक माल, गल्ल्यातली रोकड, गिऱ्हाइकांकडची उधारी आणि व्यापाऱ्यांचं देणं, हे चार आकडे कागदावर लिहून ठेवा. आयटीआर-४ मध्ये ते विचारतात, आणि जुलैत बसून ते आठवत नाहीत.