चाखलेला चमचा, वाढायचा चमचा आणि उरलेलं अन्न

प्रश्न: माझा नवरा स्वयंपाक छान करतो, पण चाखलेला चमचा तसाच परत पातेल्यात घालतो. जेवताना मुलं आपापल्या चमच्यानेच वाढून घेतात. उरलेलं आम्ही दुसऱ्या दिवशी चांगलं गरम करून खातो. यात खरंच काही धोका आहे का, की मीच उगाच किळस करतेय?

उत्तर:

आधी नवऱ्याला एवढंच विचारा, की चमचा परत जातो तेव्हा पातेल्याखाली गॅस चालू असतो की बंद केलेला असतो? माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

पातेलं उकळत असेल तर त्या चमच्यावरचे जिवाणू काही क्षणांत मरतात. अन्न आणखी पाच मिनिटं उकळणार असेल तर चिंता करण्यासारखं काही उरत नाही. उष्टं ते उष्टंच म्हणून किळस वाटली तर वाटू दे, पण आजारपण त्यातून येणार नाही. मोजायचा असतो तो शेवटचा चमचा. गॅस बंद केला, मीठ बरोबर आहे ना बघितलं, चमचा परत घालून एकदा ढवळलं आणि झाकण ठेवलं. त्यानंतर अन्न नुसतं निवत जातं आणि चमच्याबरोबर जे आत गेलं त्याला मारणारं पुढे काही येत नाही.

मी काही वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांमधल्या अन्नाचे नमुने तपासण्याचं काम केलं आहे. तिथे नव्या लोकांना समजावताना मी एक हिशेब मांडायची. आकडे ढोबळ आहेत, काही गृहीत धरलेले आहेत, पण चित्र बरोबर उभं राहतं.

थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 10 कोटी जिवाणू असतात. चाटलेल्या चमच्यावर तिचा बारीक थेंब, समजा 0.05 मिलिलिटर, राहिला तर 50 लाख जिवाणू झाले. पातेलं 5 लिटरचं असेल तर दर मिलिलिटरला हजार. आकडा भीतिदायक वाटतो, पण यातले बहुतेक आपल्या तोंडात रोज नांदणारे, पोटात गेले तरी काही न करणारे असतात. त्रास देणारा त्यांच्यातला एखादाच, आणि या प्रकरणात मुख्य संशयित म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, तिथून हातावर आणि तोंडात येतो. त्या माणसाला काहीही होत नसतं, म्हणून त्याला कळतही नाही. थुंकीतल्या दर दहा हजारांत एक हा धरला तर अख्ख्या पातेल्यात असे 500 जिवाणू उतरले, म्हणजे 10 मिलिलिटरला एक.

एवढ्याने कोणी आजारी पडत नाही. या जिवाणूचा त्रास होतो तो त्याने अन्नात सोडलेल्या विषामुळे. तेही त्याच्या सगळ्या जाती बनवत नाहीत, आणि बनवणाऱ्यांची संख्या दर ग्रॅमला लाखाच्या घरात गेली की मगच ते पुरेसं साठतं. आता कोमट, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतक्या गरम अन्नात हा अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरा. दहा मिलिलिटरला एक इथून मिलिलिटरला एक लाख इथपर्यंत जायला दहा लाखपट वाढ हवी, म्हणजे वीस वेळा दुप्पट. दहा तास झाले. रात्री नऊला झाकण ठेवलेलं पातेलं सकाळी सातला उघडलं की नेमके तेवढेच.

आता मुलांचं बघा. 200 मिलिलिटरच्या वाटीत काहीतरी उरलंय आणि त्यात तोंडातला चमचा दहा वेळा जाऊन आलाय. सुरुवात मिलिलिटरला 25 पासून होते. आता बारा वेळा दुप्पट होणं पुरेसं, म्हणजे सहा तास. चमचे दहापट आणि अन्न पंचवीस पटीने कमी, म्हणजे सुरुवात अडीचशे पटीने वाईट, तरी फरक पडला चारच तासांचा. हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आत किती जिवाणू गेले यापेक्षा ते अन्न किती वेळ कोमट राहिलं याला फार जास्त महत्त्व आहे. हेच फ्रीजमध्ये 5 अंशांवर ठेवलं तर हा जिवाणू वाढतच नाही. मरत नाही, पण वाढत नाही.

शिजवलेलं अन्न या बाबतीत कच्च्यापेक्षा वाईट, हे ऐकून लोक चमकतात. स्टॅफिलोकॉकस हा खरं तर भांडणात हरणारा जिवाणू आहे. इतर जिवाणूंची गर्दी असली की तो मागे पडतो. शिजवल्यामुळे ती गर्दी संपलेली असते आणि त्याला मोकळं रान मिळतं. आंबट पदार्थात मात्र त्याचं फारसं चालत नाही. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन यांनी विद्यार्थ्यांबरोबर याच प्रकारचा प्रयोग केला होता: एकदा चावलेलं बिस्किट पुन्हा पाण्यात बुडवलं तर न चावलेल्याच्या तुलनेत मिलिलिटरला साधारण हजार जिवाणू जास्त आले. मग त्यांनी तेच टोमॅटोचा सालसा, चॉकलेट आणि चीज यांच्या डिपमध्ये करून पाहिलं. सालसात सुरुवातीला सगळ्यात जास्त जिवाणू सापडले, कारण तो पातळ, त्यामुळे चावलेल्या कडेवरून खाली ओघळून परत भांड्यात पडतो. पण दोन तासांनी त्याच सालसातला आकडा बराच खाली आला होता, आणि ते काम त्याच्या आंबटपणाचं.

थुंकी खरंच अन्नात जाते का, अशी शंका असेल तर ती डोळ्यांनी बघता येते. एका स्वयंपाकघरात तक्रार होती की कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड रात्री घट्ट असतं आणि सकाळी फ्रीजमधून काढलं की पाणी झालेलं असतं. आधी सगळ्यांनी कॉर्नफ्लोअरच्या पाकिटाला दोष दिला. मी दोन दिवस नुसती उभी राहून पाहिलं. कस्टर्ड कोमट झालं की तिथला मुख्य स्वयंपाकी साखर बघायला चाखायचा आणि त्याच चमच्याने ढवळायचा, तेही तीन-चारदा. आपल्या थुंकीत अमायलेज नावाचं विकर असतं, ते पिठूळ पदार्थातला स्टार्च तोडतं. कढत कस्टर्डमध्ये ते निकामी होतं, पण कोमट कस्टर्डमध्ये जोमाने काम करतं आणि फ्रीजमध्येही हळूहळू चालू राहतं. मी एकाच घाण्यातून दोन वाट्या काढल्या, एकीत स्वच्छ चमचा फिरवला, दुसरीत चाटलेला. अर्ध्या तासात दुसरी वाटी पातळ झाली होती. स्वयंपाकी काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेजारी चमच्यांनी भरलेला पेला दिसायला लागला. (कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असेल तर घाईने स्वयंपाक्यावर आळ घेऊ नका. बलकातही हेच विकर असतं आणि कस्टर्डला नीट उकळी आली नाही तर तेच पाणी करतं.) विकर म्हणजे जंतू नव्हेत, पण जिथे ते पोचलं तिथे थुंकीतलं बाकी सगळंही पोचलंच.

आता तुमचं "चांगलं गरम करून खातो". इथे मला तुम्हाला थोडं अडवायचं आहे. गरम केल्याने स्टॅफिलोकॉकस मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं विष अर्धा तास उकळलं तरी टिकतं. चव बदलत नाही, वास येत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत अचानक मळमळ आणि जोराच्या उलट्या, बहुतेक वेळा ताप नाही, आणि दिवसभरात माणूस बरा. म्हणून गरम करणं ही रात्रभर ओट्यावर राहिलेल्या अन्नाची दुरुस्ती होत नाही. भाताचं तर चमचा न लावताही असंच आहे. बॅसिलस सेरिअस नावाच्या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू तांदळातच असतात आणि शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष स्टॅफिलोकॉकसच्या विषापेक्षाही चिवट. तेव्हा दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं की सगळं नवऱ्याच्या चमच्यावर ढकलू नका.

घरात करायचं काय, तर दोनच गोष्टी मी खरंच पाळते. चाखताना पातेल्यातल्या डावाने माझ्या चमच्यात वरून ओतून घेते, चमचा पातेल्याला लागतच नाही. हॉटेलांसाठी अमेरिकेच्या अन्नविषयक नियमावलीत याहून कडक नियम आहे: चाखायला वापरलेलं भांडं एकदाच वापरायचं. घरी ओतून घेतलं तरी तेच साधतं, शिवाय भांडीही वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट जेवायला बसण्याआधीची. उद्यासाठी ठेवायचं आहे ते आधीच, गरम असतानाच उथळ डब्यांत काढून घेते, दोन इंचांपेक्षा जास्त थर नाही, आणि वाफ ओसरली की फ्रीजमध्ये. ताटांजवळ गेलेलं भांडं मग त्याच जेवणात संपवायचं. असं केलं की मुलांनी कुठला चमचा कशात घातला यावर जेवताना पहारा द्यावा लागत नाही. 5 लिटरचं पातेलं अख्खं फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ नसतो, कारण त्याचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. मोठ्या स्वयंपाकघरांत 57 अंशांवरून 21 वर दोन तासांत आणि तिथून 5 वर पुढच्या चार तासांत आणायचा नियम असतो. उथळ डब्यांत हे आपोआप होतं.

वाढायच्या चमच्याचं एक वेगळं दुखणं आहे, ते दांड्याचं. टोक अन्नात असतं, पण दांडा सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि कधीतरी घसरून आत पडतो. म्हणून भांड्यापेक्षा लांब दांड्याचा डाव ठेवावा आणि प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र.

वर मांडलेला सगळा वेळेचा हिशेब एका बाबतीत लागू पडत नाही, ती म्हणजे नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांची साथ आणणारा हा विषाणू अन्नात वाढतच नाही. त्याला वाढायची गरजही नसते, कारण मोजकेच कण पोटात गेले तरी पुरतात. तो आजारी माणसाच्या हातावरून चमच्याच्या दांड्यावर आणि तिथून पुढच्या हातावर जातो, मग अन्न ताजं असो की शिळं. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबणाने आणि पाण्याने हात धुवावे लागतात. घरात कोणाला उलट्या होत असतील तर त्याने स्वयंपाकही करायचा नाही आणि वाढायचंही नाही, आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुढचे 48 तास हेच पाळायचं. तेवढे दिवस त्याचं ताट दुसऱ्या कोणीतरी वाढून द्यावं.