तोरिंगाची कमेंट

प्रश्न: मित्र माझ्या फोटोखाली खेचतात, ते मला आवडतं. पण नंतर ओळखपाळख नसलेले लोक घुसतात आणि डोक्यात जातात. मित्रांनाच गप्प बसायला सांगू का?

गप्प बसवू नका, पण पहिली कमेंट कोणती पडते तिकडे लक्ष ठेवा. आमच्या बाबतीत ती पहिली कमेंट माझी होती, म्हणून सांगतो.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. चवथीला आमच्या एका मित्राने नव्या कुर्त्यात, माटोळीखाली उभं राहून फोटो टाकला. गणपतीच्या वर टांगलेल्या त्या चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं. मी खाली लिहिलं, "माटोळीत एवढं मोठं तोरिंग कुणी बांधलं रे?" तोरिंग म्हणजे आमच्याकडचं पपनस. आम्हा दहा-अकरा जणांना हसून पुरेवाट. दहावीत असताना हा शेजारच्यांच्या झाडावर तोरिंगं चोरायला चढला होता आणि फांदीसकट खाली आला होता, तेव्हापासून त्याचं नाव तोरिंग. म्हणजे आमचा विनोद चोरीवरचा. तो स्वतःही हसायचे इमोजी टाकून मोकळा झाला.

घुमट वाजवून म्हणायच्या आरत्यांच्या कार्यक्रमांची बोलावणी त्याला इन्स्टाग्रामवरूनच येतात, म्हणून त्याचं अकाउंट सगळ्यांना उघडं होतं. आम्ही सगळ्यांनी माझ्या कमेंटला लाईक दिले, खाली रिप्लाय लिहिले, त्यामुळे ती सगळ्यात वर जाऊन बसली. बाहेरच्या माणसाला आधी फोटो दिसला आणि लगेच खाली "मोठं तोरिंग". झाडाची गोष्ट त्याला कुठून माहीत असणार? त्याने पोटाकडे बघितलं. मित्राचे इमोजी बघून त्याला वाटलं, इथं पोटावर बोललेलं चालतं.

मग जे आलं ते पोटावरच आलं. दुसऱ्या दिवशी मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईवर आलं. फोटोवरचा मजकूर मराठीत होता, म्हणून कुणीतरी "घाटी, परत जा" असंही लिहिलं. ज्याचे पणजोबासुद्धा इथे वाळपईतच वारले त्याने कुठे परत जायचं, देव जाणे. एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. आम्ही त्याला उद्देशून लिहीत होतो, हे लोक मात्र एकमेकांसाठी लिहीत होते. "तू" जाऊन "हा", "याला" सुरू झालं. असं झालं की खेचाखेची संपली असं समजावं.

मित्राने आधी एकेकाला उत्तरं दिली. ती चूक झाली, कारण प्रत्येक उत्तरागणिक तो धागा आणखी फुगला. दोघातिघांना ब्लॉक केलं, तर त्यातला एक दुसऱ्या अकाउंटवरून "मला ब्लॉक केलं" म्हणून मिरवत आला. ब्लॉक केलेलं समोरच्याला कळतंच. त्यापेक्षा रिस्ट्रिक्ट करावं. त्या माणसाला स्वतःची कमेंट दिसत राहते, तुम्ही मान्य केल्याशिवाय बाकी कुणाला दिसत नाही, आणि त्याला तसा निरोपही जात नाही. थोड्या वेळाने कंटाळून जातो बिचारा.

पण खरा उपाय माझ्याच हातात होता. घाण बरीचशी माझ्या कमेंटखाली रिप्लाय म्हणून लटकली होती, आणि मूळ कमेंट काढली की तिच्याखालचे रिप्लायही जातात. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, मग मी माझी कमेंट काढली. एका झटक्यात पाऊणशे रिप्लाय गेले. नंतर त्याने सेटिंगमध्ये जाऊन, तो ज्यांना फॉलो करतो त्यांनाच कमेंट करता येईल असं केलं. फोटो उघडाच राहिला, कार्यक्रमांची बोलावणी मेसेजवर येत राहिली.

एवढ्याने भागलं नाही. एका मीम पेजने फोटो माझ्या कमेंटसकट उचलला होता. तिथं आपलं काही चालत नाही, फक्त तक्रार करता येते. आम्ही छळाची तक्रार केली, काही झालं नाही. मग कॉपीराइटची केली. आपल्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा नव्हे. म्हणून तक्रार त्याच्या बहिणीला करावी लागली, तिनेच तो काढला होता. तीन दिवसांत पोस्ट गेली. तोपर्यंत कुठे कुठे फिरली असेल ते सोडून द्यावं लागतं.

तेव्हा मित्रांना एवढंच सांगा, की तुमच्या अंगावर, घरच्यांवर किंवा जातीभाषेवर उलटू शकेल असा विनोद ग्रुपवर टाका, फोटोखाली नको. विनोद तुमच्या उद्योगांवर असेल आणि त्यातली गोष्ट कमेंटमध्येच असेल, तर खुशाल लिहू दे. परक्याला पकडायला दुसरं काही सापडत नाही.

यंदाच्या चवथीला त्याने परत माटोळीखालचा फोटो टाकला. मी लिहिलं, "शेजारचे काका सकाळपासून झाडावरची तोरिंगं मोजतायत." त्याचं उत्तर आलं, "दोनच नेली रे, फांदी शाबूत आहे."