एम २४×२ आतले आटे: कटरचा पाथ किती घ्यायचा?

प्रश्न: एम २४×२ चे आतले आटे थ्रेड मिलने काढायचे आहेत, कटर १६ मिमीचा आहे. पाथचा डायमीटर २४ वजा १६ म्हणजे ८ घेतला, तरी गो गेज आत जात नाही. गणित चुकतंय का?

उत्तर:

गणित बरोबर आहे. मेजर डायमीटरमधून कटरचा डायमीटर वजा केला की कटरचं सेंटर ज्या वर्तुळावर फिरतं त्याचा डायमीटर मिळतो. तुमच्या बाबतीत ८, म्हणजे त्रिज्या ४. घोळ असा की या ८ मुळे फक्त आट्याचं तळ २४ वर येतं. गेज मात्र फक्त तळ पाहत नाही, ते आट्याच्या तिरप्या बाजूंवर बसतं, म्हणजे पिच डायमीटरही तपासतं.

पहिल्यांदा मीही यातच अडकलो होतो. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमची दोन व्हीएमसी आहेत. वॉल्व्हच्या बॉडीवर एम २४×२ चं काम होतं. पहिला जॉब उतरवला, तर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, गेज जतुं नथी." मला वाटलं बोअरच लहान राहिला असेल. मायनर डायमीटर कमीत कमी २१.८३५ हवा आणि बोअर होता २२. तिथे काही चूक नव्हती.

कटर मात्र एका दाताच्या ओळीचा होता, बऱ्याच पिचना चालणारा. असा कटर बारीक पिचलाही चालावा म्हणून त्याच्या टोकावरची सपाटी मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. मेट्रिक आट्याच्या तळाशी पिचच्या आठव्या भागाएवढी सपाटी धरलेली असते, २ पिचला ०.२५. आमच्या कटरचं टोक प्रोजेक्टरवर पाहिलं तर ०.१२ निघालं. टोक अरुंद असलं की २४ ला पोचूनही खाच पुरेशी रुंद होत नाही. बाजू एकमेकींच्या जवळ राहतात आणि गेज अडतं. उपाय एकच, कटर आणखी खोल न्यायचा. किती? सपाटीतला फरक गुणिले ०.८६६, एका बाजूला. ०.१३ ला ०.८६६ ने गुणलं की ०.११ मिमी, म्हणजे डायमीटरवर जवळपास ०.२२५. त्यामुळे आट्याचं तळ २४ च्या थोडं बाहेर जातं, पण आतल्या आट्यांना मेजरची वरची मर्यादा दिलेलीच नसते, त्यामुळे ते चालतं. बाहेरच्या आट्यांना हाच नियम लावू नका.

तुमचा कटर याच २ पिचचा, बऱ्याच दातांच्या ओळींचा असेल, तर टोकाची सपाटी बरोबर असणार आणि हा ०.२२५ लागणार नाही. तरीसुद्धा ८.००० वर गेज अडतंच. कारण ६एच मध्ये पिच डायमीटर २२.७०१ ते २२.९२५ इतका चालतो, आणि नेमकं गणित तुम्हाला २२.७०१ वर, म्हणजे खालच्या टोकालाच, नेऊन ठेवतं. कटर जरासा दबला की खाली घसरलात. म्हणून मी मधला आकडा धरतो आणि पाथ डायमीटरमध्ये ०.१ वाढवतो, म्हणजे ८.१, त्रिज्या ४.०५. एका दाताच्या ओळीवाल्या कटरवर हे दोन्ही मिळून ८.३२ होतात.

आणि १६ हा आकडा डब्यावरून घेऊ नका, कटर मोजा. धार लावून आलेला १५.९४ चा कटर १६ धरून चालवला तर मेजर २३.९४ च निघतो आणि पुन्हा तीच कटकट.

प्रोग्राम मी असा लिहितो. २० मिमी जाडीचा आरपार जॉब, कटरची कटिंग लांबी २४, पाथ त्रिज्या ४.०५:

```
G90 G17 G00 X0 Y0 S1990 M03
Z-22.0
G91
G03 X4.05 Y0 Z0.5 I2.025 J0 F50
G03 Z2.0 I-4.05 J0 F100
G03 X-4.05 Y0 Z0.5 I-2.025 J0
G90 G00 Z50.0
```

कटर मधोमध उतरतो, अर्ध्या वर्तुळाने भिंतीला लागतो, एक पूर्ण फेरा मारताना एक पिच वर येतो आणि तसाच अर्ध्या वर्तुळाने बाहेर पडतो. अर्ध्या वर्तुळात झेड पाव पिचच का चढवतो, हे बऱ्याच जणांना खटकतं. बोअरच्या मध्यातून पाहिलं तर त्या अर्ध्या वर्तुळात कटर फक्त ९० अंशच वळतो, म्हणून अर्धी नाही, पाव पिच. खालून वर G03 गेल्यावर उजवे आटे आणि क्लाइंब कटिंग दोन्ही मिळतात. कटर एका दाताच्या ओळीचा असेल तर पूर्ण फेऱ्याची ओळ प्रत्येक पिचला एकदा, जितके आटे त्याहून एक वेळ जास्त, द्यावी लागेल, नाहीतर वरचा आटा अर्धवट राहतो.

यात एक आकडा फसवतो, तो फीडचा. १०० मीटर कटिंग स्पीड, तीन दात, दाताला ०.०५ धरलं तर धारेला फीड सुमारे ३०० हवी. पण धार २४ च्या वर्तुळावर चालते आणि सेंटर ८ च्या, म्हणून प्रोग्रामला ३०० × ८ ÷ २४ म्हणजे १००. सरळ ३०० टाकलीत तर धारेवर ९०० पडेल. तेवढ्याने कटर लगेच मोडला नाही तरी कटर दबेल, आटे घट्ट निघतील, आणि तुम्ही पाथ वाढवत बसाल.

आता गेज अडलं तर कारण कसं ओळखायचं? पहिल्याच आट्याला अडलं तर पाथ कमी आहे किंवा टोक अरुंद आहे. दोनतीन फेरे सहज गेलं आणि खाली जाता जाता घट्ट होत गेलं, तर पाथला हात लावू नका. टोक होल्डरपासून लांब असतं, त्यामुळे खाली कटर जास्त दबतो आणि आटे वरून रुंद, खालून चिंचोळे होतात. तेव्हा तोच प्रोग्राम त्याच आकड्यावर पुन्हा एकदा चालवा, किंवा आधी ०.२ कमी पाथने एक फेरा काढून मग शेवटचा घ्या.

१६ चा कटर २४ ला म्हणजे दोन तृतीयांश झाला, मी यापेक्षा मोठा घेत नाही. कटर बोअरच्या जितका जवळ जातो तितका तो फेऱ्यात बाजू खरवडतो आणि आट्याचा आकार बिघडतो. १२ चा असेल तर तोच वापरा, पाथ तेव्हा १२ अधिक ०.१ होईल आणि फीडचा भागाकारही बदलेल.

शेवटी, ०.१ हा आकडा देवाने दिलेला नाही. पहिल्या जॉबला ८.०० वरच चालवा, मग ०.०५ ने वाढवत गेज लावत जा. G41 वापरत असाल तर प्रोग्राम तसाच ठेवून कटर त्रिज्येचा ऑफसेट ०.०२५ ने कमी करत जा. गो आत जाऊ लागलं आणि नो-गो दोन फेऱ्यांच्या आत अडलं की तिथे थांबा आणि तो आकडा कटरच्या डबीवर मार्करने लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टवाला पुन्हा ८ टाकतो.