एक नाडी आणि "ते नंतर बघू"

"माई, माझी मुलगी 27 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. नागपूरचं स्थळ आलंय. मुलाचा घरचा व्यवसाय आहे, माणसं चांगली वाटली. मुलीचं नक्षत्र रोहिणी, मुलाचं रेवती. गुण अठराच्या वर जातात, पण एक नाडी येते. आमचे गुरुजी म्हणाले, करू नका, संततीला त्रास होतो. दुसऱ्यांना दाखवली तर ते म्हणाले, दोषच नाही. तिच्या नोकरीचं विचारलं तेव्हा मुलाकडचे म्हणाले, 'ते नंतर बघू.' मुलगी म्हणते, 'आई, तू ठरव.' दिवाळीनंतर साखरपुडा करायचं चाललंय. मला रात्र रात्र झोप नाही. हे लग्न टिकेल का?"
– एक आई, सातारा

साताऱ्याच्या ताई,

टिकेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि तुमचे दोन्ही गुरुजीही सांगू शकत नाहीत. पण तुमची झोप ज्यावरून उडालीय ते आणि ज्यावरून उडायला हवी ते, अशा दोन वेगळ्या गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. पहिली आधी हातावेगळी करू.

पंचांगातला गुणमेलनाचा तक्ता उघडा. त्यात 36 गुण आठ कूटांत वाटलेले असतात आणि एकट्या नाडीला त्यातले 8 असतात. एक नाडी आली की ते आठच्या आठ जातात, म्हणून धसका बसतो. आता हे ठरतं कशावरून? जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता, फक्त त्यावरून. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. 27 नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट पाडलेत: आद्य, मध्य, अंत्य. या गटालाच नाडी म्हणतात. रोहिणी आणि रेवती दोन्ही अंत्य गटात, म्हणून एक नाडी. म्हणजे रोहिणीवर जन्मलेली कुठलीही मुलगी आणि रेवतीवरचा कुठलाही मुलगा घेतला, तरी गुण तेवढेच येणार. तक्त्याला तुमची लेक माहीत नाही आणि तो मुलगाही माहीत नाही.

गटच तीन असल्यामुळे, पत्रिका न बघता जमलेल्या लग्नांतही साधारण तिनातलं एक जोडपं एका नाडीचं निघतं. तुमच्या भावकीत, शेजारपाजारी पत्रिका न जुळवता लग्न झालेली पाच-सात जोडपी असतील, त्यांची नक्षत्रं काढून बघा. बहुधा एक-दोन तरी एकनाडीची निघतील, आणि त्यांची मुलं तुमच्या डोळ्यांसमोर वाढलेली असतील.

दोन गुरुजींची दोन उत्तरं आली यातही कुणाची लबाडी नाही. नाडीदोष ज्यांना लागत नाही अशा नक्षत्रांची एक यादी परंपरेतच आहे, आणि तिच्यात रोहिणी आणि रेवती दोन्ही येतात. एकांनी नियम धरला, दुसऱ्यांनी अपवाद. तुमचा शास्त्रावर विश्वास असेल तर त्याच शास्त्राने तुम्हाला वाट दिलेली आहे, ती घ्या आणि पुढे चला.

संततीची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यावर खरा उपाय आहे. "एक नाडी म्हणजे एक रक्त" असं म्हणतात आणि लोक रक्तगट जुळवायला धावतात. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्याने मुलांना काहीही होत नाही. तपासायचं ते थॅलेसेमिया मायनर आणि सिकलसेल, आई-बापांकडून मुलांत येणारे रक्ताचे दोष. मायनर असलेल्या माणसाला स्वतःला बहुधा कसलाच त्रास नसतो, म्हणून ते कळतच नाही. दोघांतला एकच मायनर असेल तर मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होत नाही. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता असते की मुलाला मेजर होईल, आणि मग त्या लेकराला जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. सिकलसेलचा हिशेबही असाच आहे. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे आणि मुलगा तिकडचा आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका. सीबीसी आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी असं सांगितलं की लॅबवाल्यांना कळतं. आयुष्यात एकदाच करायची असते. दोघांनीही करायची, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचे, कारण अंगात लोह कमी असलं तर आकडे फसवू शकतात. मुलाकडे विषय काढताना "आम्ही आमच्या मुलीची केलीय, हा रिपोर्ट" असं म्हणून सुरुवात करा. मग कुणाला राग यायचं कारण उरत नाही.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात मी थांबले ती नाडीपाशी नाही, "ते नंतर बघू" पाशी.

माझ्या भाचीच्या वेळी हेच शब्द आले होते. गुण 27, सगळे खूश. बैठकीत तिच्या आईने नोकरीचं विचारलं. मुलाची आई बशीत चहा ओतत होती, ती वर न बघता म्हणाली, "अहो, ते नंतर बघू, आधी पोरांना सुखात नांदू दे." आम्ही सगळे हसलो, मीही हसले. लग्नानंतर चौथ्या महिन्यात कळलं की त्या घरात "नंतर"चा अर्थ "नोकरी सोडायची" असा होता. तिकडच्यांना वाटलं, मुलगी गप्प बसली म्हणजे तिला कबूल आहे. मुलीला वाटलं, नाही म्हणाले नाहीत म्हणजे चालणार आहे. दुसऱ्या वर्षी ती परत आली. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी थेट विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. त्या बैठकीत मी हसले, हे मला अजून टोचतं.

म्हणून साखरपुड्याआधी त्या दोघांना दोनदा तरी एकटं भेटू द्या, निवांत, दोन-तीन तास. "तुझे विचार कसे आहेत" असल्या प्रश्नांना सगळेच छान उत्तरं देतात. तिला ठोस विचारू दे. लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी मी कुठे असेन, पुण्यात ऑफिसला की नागपुरात? नागपुरात असेन तर माझ्या कामाचं काय? माझा पगार कुणाच्या खात्यात राहील, त्यातलं काही मी आई-बाबांना दिलं तर चालेल का? तुमच्या व्यवसायावर कर्ज किती आहे, त्यात जामीन म्हणून माझी सही लागणार आहे का? शेवटचा प्रश्न लोक संकोचाने टाळतात. घरच्या धंद्यात सुनेची सही सहज मागितली जाते, आणि जामीनदाराच्या गळ्यात अख्खं कर्ज येऊ शकतं.

उत्तर काय आलं यापेक्षा ते कसं आलं, तिकडे तिचं लक्ष असू दे. "मला माहीत नाही, घरी विचारून रविवारी सांगतो" असं म्हणून तो खरंच रविवारी फोन करत असेल, तर मला तो मुलगा आवडेल. "तू फार विचार करतेस" म्हणाला, किंवा तिने एखाद्या गोष्टीला नाही म्हटल्यावर घुम्म झाला, तर मात्र थांबा. दुसऱ्या भेटीनंतरही "नंतर बघू"च असेल तर साखरपुड्याची तारीख पुढे ढकला. हॉलचा ॲडव्हान्स गेला तर जाऊ दे.

आणि ताई, "आई, तू ठरव" हा होकार धरू नका. तुमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून लेक आणखी काय बोलणार? या शनिवारी ती घरी आली की नक्षत्राचा, नाडीचा विषयच काढू नका. भाजी निवडायला तिला जवळ बसवा आणि एवढंच विचारा, "तुला तो आवडलाय का? नाही म्हणालीस तर मी बाबांना सांगेन, तुला काही बोलावं लागणार नाही." मग गप्प राहा. ती बोलायला वेळ लावेल. तोवर तुम्ही मेथी निवडत राहा.

– तुमची माई