सात ते चार ठिपक्यांची रांगोळी, कॅमेरा वरून

प्रश्न: ठिपक्यांच्या रांगोळीचा व्हिडिओ वरून शूट करायचाय. ठिपके मोजताना बोलायचं काय, आणि चूक झाली तर ती सुधारून कशी दाखवायची?

सात ते चार घ्या. ठिपके समोरासमोर नाहीत, दोनांच्या मध्ये एक असे. एकूण ३७ होतात आणि फ्रेममध्ये छान मावतात.

मोबाईल आडव्या दांडीच्या स्टँडला लावा, खालची कड तुमच्याकडे. म्हणजे तुमचं डावं तेच बघणाऱ्याचं डावं. आमच्या नाशिकला अंगणात ऊन यायच्या आतच शूट उरकते, नाहीतर डोक्याची सावली नेमकी रांगोळीवर पडते. घरात केलंत तर पंखा बंद.

आधी मधली ओळ. प्रत्येक ठिपक्याबरोबर मोठ्याने मोजा: "एक, दोन, तीन... सात." मग वरच्या ओळी: "आता सहा, दोन ठिपक्यांच्या मध्ये. मग पाच. मग चार." खालच्या तीन ओळी शेवटी, आधी काढल्यात तर वर हात नेताना त्याच पुसल्या जातात. ठिपके झाले की कडेवरून बोट फिरवत म्हणा, "कोपरा धरून प्रत्येक बाजूला चार." सहाही बाजूंना चार आले नाहीत, तर कुठेतरी ठिपका जास्त पडलाय किंवा राहिलाय.

आता पाकळी. इथे बोलणं अगदी सोपं आहे, कारण मधल्या ओळीपासून वर जाताना डावीकडून मोजलं तर दरवेळी चौथाच ठिपका येतो: "सातातला चौथा, सहातला चौथा, पाचातला चौथा, चारातला चौथा." पहिला फुलाचा मध्य, शेवटचा पाकळीचं टोक, मधले दोन पाकळीच्या पोटात. डावीकडच्या पाकळीला उजवीकडून मोजा. खाली तसंच, आणि मधल्या ओळीतच दोन आडव्या. सहा पाकळ्या झाल्यावर प्रत्येक फटीत तीन ठिपके उरतात: आतला एक, बाहेरचे दोन. आतला पणतीचा तळ, बाहेरचे दोन तिचे काठ. वर ज्योत काढली की झालं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओळी लांब पडणं. ठिपक्यांत चार सेंटीमीटर अंतर असेल, तर ओळींत साडेतीनच हवं. नाहीतर आडव्या पाकळ्या बुटक्या आणि तिरक्या लांबुळक्या दिसतात. हे पहिली वरची ओळ घालतानाच सांगा, नंतर इलाज नाही. ओळी पुसून पुन्हा घालाव्या लागतात.

एखादाच ठिपका चुकला तर बोटाने पुसू नका, पांढरा डाग फासतो. ओल्या फडक्याने तर गेरूच निघतो. कोरड्या मऊ ब्रशने उचला, उरलेल्या डागावर चिमूटभर कोरडा गेरू. रेघ जाड झाली तर जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने दोन्ही बाजूंनी आत लोटा. हा तुकडा एडिटिंगमध्ये कापू नका. फक्त त्याच्यासाठी कॅमेरा जरा खाली आणा, वरून कार्डाची कड दिसत नाही.